घरच्या फोटोंसाठी नॅस लावायचा की सबस्क्रिप्शन भरत राहायचं: आम्ही केलं ते पायरी पायरीने

आमचं घर मुलुंडला, वन बीएचके, माणसं चार. मी, नवरा, सासूबाई आणि सासरे. फोटो मात्र पाच ठिकाणी होते. माझे गूगल फोटोजमध्ये, नवऱ्याचे आयक्लाउडवर, सासऱ्यांचे त्यांच्या वेगळ्या गूगल अकाउंटमध्ये, सासूबाईंचे फक्त फोनमध्ये, आणि लग्नाआधीचे सगळे एका जुन्या हार्डडिस्कवर जी कपाटात साड्यांच्या खाली पडलेली. त्यात सासऱ्यांनी नंबर बदलला आणि जुन्या ईमेलचा पासवर्ड कुणालाच आठवेना, ओटीपी बंद झालेल्या सिमवर जाणार, मग अकरा दिवस आम्ही त्या अकाउंटमध्ये शिरायचा प्रयत्न करत होतो. शेवटी जमलं. पण त्या अकरा दिवसांत सासूबाई रोज विचारायच्या, "गावच्या गणपतीचे फोटो गेले का गं सगळे?" त्यानंतर ठरवलं की एक कॉपी आपल्या घरात आपल्या ताब्यात पाहिजेच.

नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेला छोटा डबा, आत हार्डडिस्क, चोवीस तास चालू, आणि घरातले सगळे फोन त्यावर फोटो टाकतात. मला हे सगळं शिकायला दोन महिने लागले कारण माहिती तुकड्या-तुकड्यांत मिळत होती, म्हणून इथे एका जागी लिहितेय.

१. आधी मोजा, मग खरेदीचं बघा

one.google.com/storage उघडलंत की गूगलवर किती जागा गेली ते दिसतं, आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून आयक्लाउडमध्ये दिसतं. आमचा हिशोब असा निघाला: माझे ३४० जीबी, नवऱ्याचे १६०, सासऱ्यांचे ११०, जुनी हार्डडिस्क १५०. एकूण ७६० जीबी.

आता पैसे. माझा गूगलचा २ टीबीचा प्लॅन वर्षाला ६,५०० रुपये, नवऱ्याचा आयक्लाउड २०० जीबी महिना २१९ म्हणजे वर्षाला २,६२८, सासऱ्यांचा २०० जीबी वर्षाला २,१००. मिळून ११,२२८. हे आम्ही भरत होतो तेव्हाचे दर आहेत, तुम्ही आजचे बघून घ्या.

नॅसचा खर्च आम्हाला असा आला: दोन डिस्कचा डबा २८,०००, जास्तीची रॅम २,०००, ४ टीबीच्या दोन डिस्क २१,०००, यूपीएस ३,५००, बॅकअपसाठी २ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क १२,०००. झाले ६६,५००. वर वीज. डबा साधारण १८ वॅट खातो, महिन्याला १३ युनिट, नऊ रुपयांनी धरलं तर वर्षाला १,४०० च्या आसपास.

म्हणजे वर्षाला वाचतात साडेनऊ-दहा हजार आणि पैसे वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं. आणि गंमत म्हणजे आम्ही तीन प्लॅन भरत होतो तेच मुळात चुकीचं होतं, कारण गूगलचा २ टीबीचा एक प्लॅन फॅमिली ग्रुप करून आणखी पाच जणांना वापरता येतो, प्रत्येकाचे फोटो वेगळे राहतात, आणि गूगल फोटोज आयफोनवरही चालतं. तसं केलं असतं तर वर्षाला फक्त ६,५०० गेले असते, आणि त्याच्याशी तुलना केली तर नॅसचे पैसे तेरा वर्षांत वसूल होतात. तेवढ्यात डिस्क एकदा तरी बदलाव्या लागतीलच.

म्हणून माझं स्पष्ट मत: फक्त पैसे वाचवायचे असतील तर नॅस घेऊ नका, फॅमिली ग्रुप करा आणि इथेच थांबा. २ टीबीच्या वर फोटो-व्हिडिओ असतील, किंवा आमच्यासारखं सगळं एका जागी आणि स्वतःच्या ताब्यात हवं असेल, आणि महिन्यातून एक तास द्यायची तयारी असेल, तर पुढे वाचा.

२. काय काय लागेल

- दोन डिस्क बसतील असा नॅसचा डबा, इंटेल प्रोसेसरचा, डॉकर म्हणजे त्यावर वेगवेगळी ॲप चालवू देणारं सॉफ्टवेअर चालेल असा, रॅम किमान ६ जीबी, ८ असेल तर निवांत
- नॅससाठीच्या दोन सारख्या डिस्क
- कॅट ६ लॅन केबल
- छोटा यूपीएस, ज्याला यूएसबी पोर्ट आहे असा
- बॅकअपच्या दोन यूएसबी हार्डडिस्क
- प्रत्येकाच्या गूगल किंवा ॲपल अकाउंटचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन हाताशी
- एक लॅपटॉप, ज्यात दोन-तीनशे जीबी जागा मोकळी आहे

डिस्क घेताना एकच गोष्ट विचारा, सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकावर एक चढवून लिहितात, त्यामुळे डिस्क स्वस्त पडते, पण सलग खूप लिहायला लागलं की फार हळू होते, आणि नॅसमध्ये एक डिस्क बदलून दुसरीवरून सगळं परत भरायची वेळ येते तेव्हा नेमकं तेच करावं लागतं. २०२० मध्ये यावरून मोठा गोंधळ झाला होता, नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या. डब्ल्यूडी रेड प्लस आणि सीगेट आयर्नवुल्फ या सीएमआर आहेत. लॅमिंग्टन रोडला दुकानदार "सेम आहे मॅडम" म्हणून साधी डेस्कटॉपची डिस्क पुढे करतात, तेव्हा लेबलवरचा मॉडेल नंबर तिथेच फोनवर शोधून बघा, आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतो.

४ टीबीची डिस्क ३.६ च दाखवते, ती खराब नाहीये, मोजायची पद्धत वेगळी आहे.

३. डबा कुठे ठेवायचा

माळ्यावर नको. एप्रिल-मेमध्ये माळा तापतो आणि डिस्कला उष्णता सोसत नाही. खिडकीजवळ नको, पावसाळ्यात ओल येते. बेडरूममध्येही नको, रात्री डिस्कची कुरकुर ऐकू येते. आम्ही हॉलमध्ये टीव्हीच्या युनिटवर राउटरशेजारी ठेवलाय, मागे चार बोटं जागा सोडून.

केबल राउटरच्या गिगाबिट पोर्टलाच लावा. इंटरनेटवाल्याने दिलेल्या बऱ्याच राउटरना फक्त १०० एमबीपीएसचे पोर्ट असतात, मग इंटरनेट ठीक चालतं पण घरातल्या घरात कॉपी करायला जीव जातो. ओळखायचं कसं, तर लॅपटॉपही केबलनेच जोडून एक मोठी फाइल नॅसवर टाका. सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकली तर पोर्ट १०० चा आहे, ११० च्या आसपास गेली तर गिगाबिट. माझ्या ३४० जीबीला पहिल्या स्पीडने साडेआठ तास, दुसऱ्याने तासाभरात काम.

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नॅसला कायमचा एक पत्ता द्या, म्हणजे राउटर बंद-चालू झाला तरी पत्ता बदलणार नाही. आमचा 192.168.1.50 आहे.

४. डिस्क बसवा, आरसा करा

दोन्ही डिस्क सरकवून डबा चालू केला की तो स्वतः विचारतो कसं लावायचं. रेड १ निवडा. म्हणजे जे एका डिस्कवर तेच दुसऱ्यावर, आरशासारखं. जागा एकाच डिस्कची मिळते, ती मिळू द्या.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर रेड वाचवतं, बस एवढंच. चुकून अल्बम डिलीट केलात तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो, घरात पाणी शिरलं किंवा डबा चोरीला गेला तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात. बॅकअप वेगळा, तो सातव्या पायरीत.

यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडायला विसरू नका. नुसता प्लग लावला तर लाइट गेल्यावर बॅटरी संपेपर्यंत चालून डबा धाडकन बंद पडतो. वायर जोडून नॅसच्या सेटिंगमध्ये यूपीएस चालू केलं की बॅटरी संपायच्या आत तो स्वतःला नीट बंद करतो. मुंबईत लाइट क्वचित जाते हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला गेली तेव्हा कित्येक तास आली नव्हती.

५. फोटोंचं ॲप लावा

नॅस कंपन्यांची स्वतःची फोटो ॲप असतात आणि ती वाईट नाहीत, पण आम्ही इमिच लावलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, दिसायला गूगल फोटोजसारखं, त्यामुळे सासूबाईंना नवीन काही शिकवावं लागलं नाही. चेहरे ओळखतं आणि ते काम घरच्या डब्यातच होतं.

नॅसवर docker नावाच्या फोल्डरमध्ये immich फोल्डर करा आणि नॅसच्या टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, तिथे जाऊन दोन फाइल उतरवा:

```
wget -O docker-compose.yml https://github.com/immich-app/immich/releases/latest/download/docker-compose.yml
wget -O .env https://github.com/immich-app/immich/releases/latest/download/example.env
```

मग .env फाइलमध्ये एवढंच बदला, रस्ते तुमच्या डब्याप्रमाणे:

```
UPLOAD_LOCATION=/volume1/photos
DB_DATA_LOCATION=/volume1/docker/immich/postgres
DB_PASSWORD=ithePasswordTaka123
TZ=Asia/Kolkata
```

पासवर्डमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे, @ किंवा # टाकलंत तर डेटाबेस सुरूच होत नाही असं होऊ शकतं आणि एरर वाचून कारण कळत नाही. डेटाबेसचा फोल्डर नॅसच्या आतल्याच डिस्कवर ठेवा, दुसऱ्या मशीनच्या शेअर फोल्डरवर नको. मग:

```
docker compose up -d
```

पाचेक मिनिटांनी लॅपटॉपवर http://192.168.1.50:2283 उघडा. जो पहिलं अकाउंट काढतो तो ॲडमिन होतो, तेव्हा ते तुम्हीच काढा आणि बाकीच्यांची अकाउंट आतून करून द्या. प्रत्येकाचं वेगळंच करा, सगळ्यांचं एक नको, नाहीतर सासऱ्यांचे गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड तुमच्या फोटोंमध्ये मिसळतात. एकमेकांचे बघायचे तर पार्टनर शेअरिंग आहे.

एकही फोटो टाकायच्या आत अजून एक करा. ॲडमिनच्या सेटिंगमध्ये Storage Template चालू करा. ते बंद असतं तेव्हा इमिच फाइल अशा फोल्डरांत ठेवतं की ज्यांची नावं माणसाला वाचता येत नाहीत. चालू केलं की वर्ष, मग तारीख अशी फोल्डरं होतात. उद्या इमिच सोडलंत तरी डिस्क उघडून फोटो सरळ मिळतात.

६. जुने फोटो आणणं, इथे घाई केलीत तर तारखा जातात

माझी चूक सांगते. takeout.google.com वरून सगळं उतरवलं, झिप उघडल्या आणि फोटो नुसते ओढून टाकले. संध्याकाळी सासूबाईंना कौतुकाने दाखवायला बसले. त्यांनी २०१६ चा गावचा गणपती शोधायला सांगितला, मी २०१६ वर गेले तर तिथे मोजून चार फोटो. बाकीचे सगळे त्या दिवशीच्या तारखेखाली, दीड हजार फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे, गणपती, बारसं, शाळेचं गॅदरिंग सगळं एकात एक. त्या काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे, नंतर बघू."

कारण असं आहे की कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या आतच तारीख लिहिलेली असते, ते फोटो नीट येतात. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली ती माहिती गेलेली असते, स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर तारीख स्कॅन केल्या दिवसाची असते, आणि तुम्ही गूगलमध्ये हाताने बदललेल्या तारखाही फोटोत लिहिल्या जात नाहीत. टेकआउटमध्ये हे सगळं प्रत्येक फोटोशेजारी एका वेगळ्या .json फाइलमध्ये येतं. फोटो ओढले आणि ती फाइल मागे राहिली की तारीख गेली.

बरोबर पद्धत अशी. टेकआउटमध्ये Deselect all करून फक्त Google Photos निवडा, झिपचा साइज ५० जीबी ठेवा म्हणजे तुकडे कमी होतात. मेल यायला काही तास ते काही दिवस लागतात आणि लिंक आठवडाभरच चालते, म्हणून गावाला जायच्या आदल्या दिवशी मागवू नका. झिप उघडू नका. immich-go नावाचं छोटं प्रोग्राम आहे, ते झिप आणि आतल्या .json दोन्ही वाचून तारखा, अल्बम सगळं जागेवर लावतं. इमिचमध्ये Account Settings मध्ये एपीआय की, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला तुमच्या अकाउंटमध्ये शिरू देणारी किल्ली, बनवा आणि:

```
immich-go upload from-google-photos --server=http://192.168.1.50:2283 --api-key=TUMCHI_KEY --pause-immich-jobs=FALSE takeout-*.zip
```

एका माणसाच्या सगळ्या झिप एकाच वेळी द्या. फोटो एका झिपमध्ये आणि त्याची .json दुसऱ्यात असं सर्रास होतं. लॅपटॉपवर सगळ्या मावत नसतील तर यूएसबी डिस्कवर उतरवून तिथून द्या. आणि ज्याचे फोटो त्याचीच की वापरा.

मी आधीचं सगळं पुसून परत असं केलं. दुसऱ्या दिवशी २०१६ उघडलं तर सप्टेंबरात गणपती जागेवर, मखर, नैवेद्य, विसर्जनाला तळ्यावर जाताना सासऱ्यांच्या डोक्यावर पाट. सासूबाईंनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

फोनमधले फोटो इमिचच्या मोबाइल ॲपमधून जातात. आयफोनवाल्यांनी एक बघा, Optimize iPhone Storage चालू असेल तर फोनमध्ये फक्त छोटी प्रत असते आणि मूळ फोटो आयक्लाउडमधून खाली यायला वेळ लागतो. नवऱ्याचे १६० जीबी यायला चार रात्री गेल्या, फोन चार्जरवर आणि ॲप उघडं ठेवून.

पहिले दोन-तीन दिवस डबा गरम राहील, पंखा जोरात चालेल. चेहरे ओळखणं, छोट्या प्रती बनवणं हे चालू असतं, आपोआप शांत होतो.

७. बॅकअप, आणि तो घराबाहेर

इमिच रोज रात्री २ वाजता आपल्या डेटाबेसची प्रत UPLOAD_LOCATION च्या आत backups फोल्डरमध्ये टाकतं. अल्बम, चेहऱ्यांची नावं सगळं त्या डेटाबेसमध्ये असतं. म्हणून बॅकअप घेताना तो अख्खा photos फोल्डर घ्या, फक्त फोटो उचलू नका.

आमच्याकडे दोन यूएसबी डिस्क आहेत. एक नॅसला लावलेली, रविवारी पहाटे नॅसचं बॅकअप प्रोग्राम तिच्यावर कॉपी करतं, पासवर्ड लावून. दुसरी ठाण्याला नणंदेकडे. महिन्या-दीड महिन्याने तिच्याकडे जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल. तो पासवर्ड कागदावर लिहून दोन्ही घरी ठेवलाय, कारण तो विसरला तर डिस्क असून नसल्यासारखी.

बॅकअप झाला असं स्क्रीनवर दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. यूएसबी डिस्कवरून कुठलेही दहा फोटो लॅपटॉपवर परत आणून उघडून बघा. आमच्या पहिल्या खेपेला मी फोल्डर चुकीचा निवडला होता, छोट्या प्रतींचाच बॅकअप होत होता, आणि ते उघडून बघितल्यावरच कळलं.

नॅसमध्ये ईमेल सूचना चालू करा. डिस्कच्या तब्येतीचा जो स्मार्ट रिपोर्ट नॅस दाखवतो त्यात Reallocated Sector आणि Current Pending Sector हे दोन आकडे बघायचे. शून्य असतील तर छान. शून्यावरून वाढायला लागले, थोडे का होईना, की नवी डिस्क मागवा.

८. घराबाहेरून बघायचं असेल तर

यूट्यूबवर पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून नॅसपर्यंत थेट वाट उघडा, म्हणून सांगतात. करू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे ठेवलेले हजारो नॅस गाठून लोकांच्या फाइल कुलूपबंद केल्या होत्या. शिवाय आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा पब्लिक पत्ता नसतोच. राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता 100.64 ते 100.127 यातल्या आकड्याने सुरू होत असेल तर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, मग पोर्ट फॉरवर्ड चालणारही नाही.

टेलस्केल वापरा, ते फक्त आपल्याच उपकरणांमध्ये खाजगी जोडणी करून देतं. घरगुती वापराला फुकट आहे. नॅसवर आणि फोनवर टाकून एकाच अकाउंटने लॉगिन केलं की नॅसला 100 ने सुरू होणारा एक खाजगी पत्ता मिळतो, तो लोकल ट्रेनमध्ये बसूनही चालतो. मी आणि नवऱ्याने लावलंय. सासू-सासऱ्यांच्या फोनवर मुद्दाम नाही लावलं, त्यांचे फोटो घरी वायफायवर आले की जातात, तेवढं पुरतं.

अँड्रॉइडवर इमिचला बॅटरीच्या सेटिंगमध्ये Unrestricted करा, नाहीतर फोन ॲपला मागे बंद करतो आणि महिनाभर एकही फोटो गेलेला नसतो. आयफोनवर मागे चालायला मर्यादा आहे, दोन-चार दिवसांनी ॲप एकदा उघडायचं.

९. सबस्क्रिप्शन बंद कधी करायचं

लगेच नाही. आम्ही तीन महिने दोन्ही चालू ठेवलं. या काळात फोनमधले फोटो पुसणारं Free up space चं बटण कुणी दाबायचं नाही असं घरात सांगून ठेवा.

प्लॅन बंद करताना दोन खड्डे आहेत. गूगलची फुकट जागा १५ जीबी, ती फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून. फोटो तसेच ठेवून प्लॅन बंद केलात तर जागा भरलेली धरली जाते आणि जीमेलवर मेल येणं थांबतं, बँकेचे, शाळेचे सगळे. म्हणून आधी फोटो काढायला लागतात, आणि तिथे दुसरा खड्डा: फोनवर गूगलचा बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून डिलीट केलं तर फोनमधलाही फोटो जातो. आधी प्रत्येक फोनवर गूगलचा बॅकअप बंद करा, मग वेबवरून एकच बिनकामाचा फोटो डिलीट करून फोनमध्ये राहिला का बघा, मगच बाकीचे.

आम्ही सासऱ्यांचा आणि आयक्लाउडचा प्लॅन बंद केला. माझा २ टीबीचा सोडून १०० जीबीवर आणला, त्यात मेल आणि गेल्या वर्षभराचे फोटो राहतात.